मदत हवी आहे: टॅक्स इन्व्हॉइसवर दुसऱ्याच फर्मचा जीएसटी नंबर आणि पत्ता छापलाय, दुरुस्त बिल कसं मागावं?

कुडाळ_फॅब्रिकेशन (३ जुलै २०२५)

नमस्कार मंडळी. कुडाळला माझं ग्रिल-शेडच्या कामाचं छोटं वर्कशॉप आहे. २४ जूनला पुण्याच्या एका डीलरकडून कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग सेट घेतला. माल २,४०,००० चा, त्यावर सीजीएसटी २१,६०० आणि एसजीएसटी २१,६००, एकूण बिल २,८३,२००. माल वेळेत आला, चांगला आहे, त्याबद्दल काहीच तक्रार नाही.

पण बिलावर फर्मचं नाव माझं असलं तरी खालचा जीएसटी नंबर आणि पत्ता सांगलीचा आहे. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये तो नंबर टाकून पाहिला. सांगलीत माझ्याच नावाची दुसरी फर्म निघाली. त्यांचा माझा काही संबंध नाही. ऑर्डर देताना मी रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटची कॉपी मेलवर पाठवली होती, ती डीलरकडे आहे.

डीलरच्या ऑफिसमधले म्हणतात, "पेनाने नंबर खोडून बरोबर लिहा, आम्ही सही-शिक्का मारून देतो." एवढ्याने भागेल का? बँकेला मशिनरी लोनसाठी बिल द्यायचं आहे आणि ४३,२०० चं क्रेडिटही मला घ्यायचं आहे. बिलावर क्यूआर कोड आणि लांबलचक आयआरएन नंबर आहे. नेमकं काय मागायचं आणि कोणत्या शब्दांत, ते कोणी सांगेल का?

सह्याद्री७२

पत्ता बदलायचा असेल तर पोर्टलवर रजिस्ट्रेशनमध्ये कोअर फील्ड अमेंडमेंटचा अर्ज करा. लाइट बिल आणि भाडेकरार जोडावा लागतो. माझं काम झालं होतं त्यातून.

कुडाळ_फॅब्रिकेशन

दादा, माझ्या रजिस्ट्रेशनमधला पत्ता बरोबरच आहे. चूक डीलरने छापलेल्या बिलात आहे.

रवी_अकाउंट्स

सोपं आहे. डीलरकडून 'रिव्हाइज्ड इन्व्हॉइस' मागा, त्याच नंबरचा आणि त्याच तारखेचा. त्याने जून महिन्याचा जीएसटीआर-१ अजून भरला नसेल, शेवटची तारीख ११ जुलै आहे. भरला असला तरी जीएसटीआर-१ए आलाय, त्यात दुरुस्त करता येईल. १४ तारखेला तुमच्या २बी मध्ये क्रेडिट दिसेल.

निवृत्त_करसल्लागार

रवी, तारखा तुम्ही बरोबर सांगितल्यात. पण इथे दोन गोष्टी अडतात.

कायद्यात 'रिव्हाइज्ड इन्व्हॉइस' हा शब्द वेगळ्याच प्रसंगासाठी आहे. नोंदणी ज्या तारखेपासून लागू झाली ती तारीख आणि सर्टिफिकेट हातात आलं ती तारीख, या मधल्या काळातल्या बिलांसाठी तो आहे. पत्रात तो शब्द लिहिला की समोरचा अकाउंटंट "हे आम्हाला लागू नाही" म्हणून फाइल बाजूला ठेवतो. आणि जीएसटीआर-१ए मध्ये रक्कम वगैरे दुरुस्त होते, घेणाऱ्याचा जीएसटी नंबर बदलता येत नाही. तो बदलायचा तर पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये, तक्ता ९ए मधून.

आता कुडाळकर, तुमच्या बिलावर आयआरएन आहे म्हणजे ते ई-इन्व्हॉइस आहे. पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ते बंधनकारक आहे. त्या क्यूआर कोडमध्ये विकणाऱ्याचा नंबर, घेणाऱ्याचा नंबर, बिल नंबर, तारीख, रक्कम हे सगळं सही होऊन बंद झालेलं असतं. वर पेनाने काहीही लिहा, बँकेतल्या माणसाने किंवा अधिकाऱ्याने स्कॅन केलं की सांगलीचाच नंबर उमटणार. म्हणून शिक्क्याचा उपाय स्वीकारू नका. क्यूआर व्हेरिफायरचं सरकारी ॲप आहे, त्यात आजच स्कॅन करून पाहा. नंबर फक्त छपाईत चुकलाय की मुळात पोर्टलवरच चुकीचा गेलाय, ते तिथे कळेल. फक्त छपाईची चूक असेल तर नवीन प्रिंट काढून दिली की प्रश्न संपला.

कुडाळ_फॅब्रिकेशन

स्कॅन केलं. आतमध्येही सांगलीचाच नंबर आहे.

बिलिंग_डेस्क

मी अशाच एका डीलरकडे बिलिंगला आहे. हे कसं होतं सांगतो. एकाच नावाची दोन खाती सॉफ्टवेअरमध्ये असतात. नाव टाइप करायला लागलं की यादी येते आणि घाईत पहिलं नाव निवडलं जातं. नंबर आणि पत्ता त्या खात्यातून आपोआप येतो, म्हणून दोन्ही एकदम चुकतात. नाव सारखंच असल्यामुळे प्रिंट बघताना कोणाच्या लक्षात येत नाही. आम्ही आता खात्याच्या नावापुढे गाव लिहितो.

आमच्या बाजूची अडचणही समजून घ्या. आयआरएन २४ तासांच्या आतच पोर्टलवर रद्द करता येतो. तुमचं बिल २४ जूनचं, ती वेळ गेली. रद्द झाला असता तरी तोच बिल नंबर पुन्हा वापरता आला नसता. त्यामुळे "त्याच नंबरचं बिल बदलून द्या" अशी मागणी आली की आम्हाला ती पुरी करताच येत नाही आणि विषय लोंबकळतो.

निवृत्त_करसल्लागार

अगदी बरोबर. म्हणून मागणी अशी हवी: चुकीच्या बिलावर सांगलीच्या नंबरने पूर्ण रकमेची क्रेडिट नोट काढा आणि तुमच्या नंबरवर, तुमच्या पत्त्यावर नवीन नंबरचं, नवीन आयआरएनचं बिल द्या. डीलरला दोनदा कर भरावा लागत नाही. जूनमध्ये ४३,२०० दाखवले, जुलैमध्ये क्रेडिट नोटने ४३,२०० कमी झाले, नवीन बिलाने ४३,२०० वाढले. हे गणित पत्रातच लिहा, कारण मालकाची खरी भीती तीच असते.

पत्ता आणि नंबर यांत फरक करा. इनपुट क्रेडिटच्या नियम ३६ मध्ये सवलत आहे: बिलावर बाकी तपशील कमी असले, तरी कराची रक्कम, मालाचं वर्णन, एकूण किंमत आणि दोघांचे जीएसटी नंबर असले तर क्रेडिट घेता येतं. (दुसऱ्या राज्यातला व्यवहार असेल तर पुरवठ्याचं ठिकाणही लागतं.) म्हणजे नुसता पत्ता चुकला असता तर क्रेडिट अडलं नसतं. बँकेने मात्र पत्त्यावरूनच बिल परत केलं असतं. तुमच्याकडे नंबर चुकलाय, त्यामुळे बिल तुमच्या २बी मध्ये येणारच नाही. ते सांगलीवाल्याच्या २बी मध्ये जाईल.

म्हापशेकर

आमच्याकडेही असंच झालं होतं. आमची नोंदणी गोव्यात आणि सिंधुदुर्गात, दोन्हीकडे आहे. माल म्हापशाला आला, पण बिल सावंतवाडीच्या २७ वाल्या नंबरवर. पॅन एकच आहे म्हणून चालेल असं आमचा सीए म्हणाला होता. तुमचंही चालेल बहुतेक.

निवृत्त_करसल्लागार

नाही हो, दोन्ही प्रकरणं वेगळी आहेत. तुमचे दोन्ही नंबर तुमचेच, पण एका राज्यातलं क्रेडिट दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीला वापरता येत नाही, पॅन एक असला तरी. शिवाय पुण्याहून गोव्याच्या नंबरवर बिल झालं असतं तर आयजीएसटी लागला असता. तुमच्या बिलात सीजीएसटी-एसजीएसटी लागला असणार. तिथे कराचा प्रकारच बदलतो. कुडाळकरांच्या बाबतीत दोन्ही नंबर महाराष्ट्रातले, म्हणून कर तोच राहतो. तुमची बिलं घेऊन वेगळा धागा काढा, बघू.

कुडाळ_फॅब्रिकेशन

काका, पत्राचा मसुदा द्याल का? आणि क्रेडिट जूनच्या हिशेबात मिळेल का? २० तारखेला ३बी भरायचा आहे.

निवृत्त_करसल्लागार

जूनमध्ये मिळणार नाही. नवीन बिल जुलैचं असेल, डीलर ते ११ ऑगस्टपर्यंत जीएसटीआर-१ मध्ये दाखवेल, १४ ऑगस्टच्या २बी मध्ये तुम्हाला दिसेल आणि २० ऑगस्टच्या ३बी मध्ये तुम्ही घ्याल. या महिन्यात ४३,२०० रोख भरावे लागले तरी चुकीच्या बिलावर क्रेडिट घेऊ नका. हक्क बुडत नाही, २०२५-२६ च्या बिलासाठी ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत मुदत आहे. वार्षिक रिटर्न त्याआधी भरलंत तर मात्र तिथेच मुदत संपते.

पत्र मेलने पाठवा, फोनवर सांगून सोडू नका:

> विषय: दि. २४/०६/२०२५ चे टॅक्स इन्व्हॉइस क्र. ____ मधील खरेदीदाराचा जीएसटी नंबर व पत्ता चुकीचा असल्याबाबत.
>
> महोदय, वरील बिलाचा माल आम्हाला मिळाला असून माल, दर व रकमेबद्दल तक्रार नाही. मात्र बिलावर व क्यूआर कोडमध्ये आमच्या नंबरऐवजी ____ हा जीएसटी नंबर व सांगली येथील पत्ता आला आहे. त्या फर्मशी आमचा संबंध नाही.
>
> आमचा नंबर: ____. पत्ता (रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटप्रमाणे): ____.
>
> कृपया चुकीच्या बिलासाठी पूर्ण रकमेची क्रेडिट नोट काढून आमच्या नंबरवर नवीन टॅक्स इन्व्हॉइस द्यावे व त्यात जुन्या बिलाचा क्रमांक-तारीख नमूद करावी. यात आपल्यावर कराचा जादा बोजा पडत नाही: क्रेडिट नोटने रु. ४३,२०० कमी होतात व नवीन बिलाने तेवढेच येतात. क्रेडिट नोटची प्रत आम्हालाही द्यावी.
>
> सोबत: रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, ऑर्डरचा मेल, मूळ बिल, पैसे भरल्याचा पुरावा.

रवी_अकाउंट्स

काका, एक शंका आहे. क्रेडिट नोटच्या कलम ३४ मध्ये कारणं दिली आहेत: किंमत किंवा कर जास्त लागला, माल परत आला, माल कमी किंवा खराब निघाला. नंबर चुकला हे कारण त्यात नाही. मग ९ए मधून नंबर बदलणंच जास्त नियमाला धरून नाही का? आमच्याकडे ई-इन्व्हॉइस नसलेल्या पार्ट्यांचं आम्ही तसंच करतो.

निवृत्त_करसल्लागार

शंका योग्य आहे. ई-इन्व्हॉइस नसेल तर मीही ९ए च सुचवतो. तिथे जुनंच बिल बरोबर नंबरवर येतं. इथे ९ए केलं तर २बी मध्ये बिल येईल, पण हातातल्या कागदाचा क्यूआर सांगलीचाच राहील. ज्यांना ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे त्यांचं त्या पद्धतीने न काढलेलं बिल हे बिलच धरलं जात नाही, असा नियम ४८(५) आहे. कलम ३४ चे शब्द ताणावे लागतात हे मान्य, पण व्यवहारात क्रेडिट नोटचा मार्ग रूढ आहे. यावर दोन मतं आहेत आणि राहतील.

बिलिंग_डेस्क

माझाही एक प्रश्न. सांगलीवाल्याने आयएमएसमध्ये मूळ बिल नाकारलं आणि नंतर आमची क्रेडिट नोट मात्र स्वीकारली, तर न घेतलेलं क्रेडिट त्याच्याकडून वजा होणार. त्याला आधीच कळवायला नको का?

निवृत्त_करसल्लागार

हवंच, आणि ते काम डीलरचं आहे. दोन्ही कागदांवर त्याने एकच भूमिका घ्यावी, एक नाकारून दुसरा स्वीकारू नये. पण त्याने क्रेडिट नोट नाकारली तर डीलरचा कर पुन्हा वाढतो, म्हणून दोन्ही स्वीकारणंच सोयीचं.

कुडाळ_फॅब्रिकेशन (७ जुलै २०२५)

मेल पाठवला. डीलरच्या अकाउंटंटचा फोन आला, गणित वाचून ते तयार झाले. या आठवड्यात क्रेडिट नोट आणि नवीन बिल देतो म्हणाले. सांगलीच्या फर्मला तेच कळवणार आहेत.

एक गोष्ट मात्र अडली आहे. माल २४ जूनला निघाला आणि नवीन बिल जुलैच्या तारखेचं होणार. ई-वे बिलही जुन्याच नंबरवर आहे. बँकेचे साहेब विचारतात की माल आधी आणि बिल नंतर कसं. जुनं बिल, क्रेडिट नोट आणि नवीन बिल असे तिन्ही कागद एकत्र जोडून देणार आहे. मशिनरी लोनमध्ये बँकेने असे कागद मान्य केल्याचा कोणाला अनुभव असेल तर सांगा, शाखेत गुरुवारी जायचं आहे.