दुसरीकडून जास्त स्कॉलरशिप आलीये, पहिल्या विद्यापीठाला रक्कम वाढवा म्हणून कसं लिहू?

रानवारा:
अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांत मास्टर्सला प्रवेश मिळालाय. जायचंय ते ‘अ’मध्ये, कारण मला ज्या विषयावर थीसिस करायचाय त्यावर काम करणारे प्राध्यापक तिथे आहेत. ‘अ’ची दोन वर्षांची ट्यूशन ५६,००० डॉलर आणि स्कॉलरशिप एकूण ८,०००. ‘ब’ची ट्यूशन ४६,००० आणि स्कॉलरशिप वर्षाला ७,०००, म्हणजे १४,०००. ‘अ’ला सरळ लिहू का, की तुम्हीही १४,००० करा? की असं विचारलं तर हातातली ऑफरही जाईल? डिपॉझिट अजून कुठेच भरलेलं नाही.

फटकळ:
बिनधास्त लिहा. नीट विचारलं म्हणून कुणाची ऑफर गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. पण जरा दम भरा. ‘शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर ब घेतो’ असं लिहिलं की हलतात. आणि १५ एप्रिलच्या आत तुमच्याकडून उत्तर मागायची कुठल्याच विद्यापीठाला परवानगी नाही, तेव्हा घाई कसलीच नाही.

निशिगंध:
माझ्या भाच्यानं बॅचलर्सला असताना हेच केलं होतं. वडिलांची नोकरी गेल्याची कागदपत्रं फायनान्शियल एड ऑफिसला पाठवली आणि मदत वाढली. तुम्हीही घरच्या उत्पन्नाचा पुरावा जोडा, फरक पडतो.

जुनी_फाईल:
निशिगंध, तो मामला वेगळा. तिथे मदत घरची परिस्थिती पाहून दिलेली होती, म्हणून परिस्थिती बदलल्यावर फेरविचार झाला. रानवारांना मिळालीये ती गुणवत्तेवरची, आणि मास्टर्सला ती बहुतेक वेळा विभाग किंवा त्यांचं ग्रॅज्युएट ऑफिस ठरवतं. तिथे उत्पन्नाचा दाखला कुणी उघडूनही बघणार नाही. ज्यांच्या सहीनं स्कॉलरशिपचं पत्र आलं, त्यांनाच ईमेल करायची.

मी अशा एका ऑफिसात काही वर्षं काम केलंय, म्हणून सांगते, आधी हिशेब बदला. ८ आणि १४ हजारांची तुलना आमच्यासमोर आली की आम्ही म्हणायचो, ‘पण त्यांची ट्यूशनच वेगळी आहे.’ खिशातून काय जाणार ते मांडा. ‘अ’ला ट्यूशनपोटी ४८,००० जातील आणि ‘ब’ला ३२,०००. फरक १६,०००. आता राहण्याखाण्याचा अंदाज दोघांच्या खर्चपत्रकातून घ्या, सक्तीची फी आणि आरोग्यविमाही त्यातच बघा. ते आकडे काय आहेत?

रानवारा:
फी, विमा सगळं धरून ‘अ’चे वर्षाला १८,००० आणि ‘ब’चे २२,०००. ‘ब’ मोठ्या शहरात आहे.

जुनी_फाईल:
मग दोन वर्षांचे ‘अ’ला ३६,००० आणि ‘ब’ला ४४,०००. एकूण बेरीज ‘अ’ची ८४,००० आणि ‘ब’ची ७६,०००. खरा फरक ८,००० चा. १६,००० मागितले असते तर त्यांनी त्यांचंच खर्चपत्रक तुमच्यापुढे ठेवलं असतं. ८,००० मागा, म्हणजे वर्षाला ४,०००. हा आकडा कुणालाही तपासून बघता येतो.

आणखी एक. ‘ब’च्या पत्रातलं बारीक अक्षर वाचा. दुसऱ्या वर्षीचे ७,००० आपोआप मिळतात, की ठरावीक जीपीए राखावा लागतो?

रानवारा:
आत्ता पाहिलं. ३.५ च्या खाली गेलं तर दुसऱ्या वर्षीची रक्कम बंद. ‘अ’च्या पत्रात अशी अट दिसत नाही.

फटकळ:
हे ‘अ’ला कशाला सांगायचं? आपलीच बाजू लंगडी होते.

जुनी_फाईल:
मुद्दाम सांगायची गरज नाही, पण पत्र जोडणार म्हणजे त्यांना दिसणारच. हे रानवारांनी स्वतःसाठी वाचायचंय. जीपीए घसरला तर ‘ब’ ८३,००० ला पडतं आणि फरक हजारावर येतो.

दम भरण्याबद्दल: समितीकडे वर्षाची ठरलेली रक्कम असते आणि ती आधीच वाटून झालेली असते. नवे पैसे येतात ते कुणीतरी नकार कळवल्यावर. त्यामुळे मार्चमध्ये ‘निधी नाही’ म्हणणारं ऑफिस एप्रिलमध्ये ‘हो’ म्हणू शकतं. शुक्रवारची मुदत घातलीत तर ‘नाही’ म्हणणंच त्यांना सोपं.

१५ एप्रिलचं अर्धं खरं आहे. तो अमेरिकेतल्या ग्रॅज्युएट स्कूल्सच्या परिषदेचा ठराव आहे. ज्या विद्यापीठांनी तो मान्य केलाय त्यांनाच लागू होतो, आणि तोही आर्थिक मदतीच्या ऑफरपुरता. नुसत्या प्रवेशाच्या डिपॉझिटची तारीख त्याच्या आधीची असू शकते. ती ऑफर लेटरमध्ये बघा आणि तिच्या निदान दहा-बारा दिवस आधी लिहा.

ईमेल इंग्रजीतच जाईल. मजकूर साधारण असा ठेवा:

‘प्रवेश आणि स्कॉलरशिपबद्दल आभार. अमुक प्राध्यापकांच्या विषयावर थीसिस करायचा असल्यानं आपलं विद्यापीठ ही माझी पहिली पसंती आहे. मला आणखी एका विद्यापीठाकडून ऑफर आली असून तिचं पत्र सोबत जोडलं आहे. दोन्हीकडचा दोन वर्षांचा निव्वळ खर्च मांडला, तर आपल्याकडे तो ८,००० डॉलरनं जास्त येतो. वर्षाला ४,००० डॉलरची वाढ मिळाल्यास मी लगेच प्रवेश निश्चित करीन. सध्या निधी नसेल, तर पुढे उपलब्ध झाल्यावर माझा विचार व्हावा आणि तोपर्यंत डिपॉझिटची मुदत वाढवून मिळावी, ही विनंती.’

यातलं ‘लगेच निश्चित करीन’ हे खरं असेल तरच लिहा. समितीपुढे बाजू मांडणाऱ्या माणसाच्या हातात तेवढं एकच वाक्य असतं.

कावळाचिमणी:
‘ब’चं पत्र जसंच्या तसं जोडू नये असं मला वाटतं. त्यावर अर्ज क्रमांक, जन्मतारीख असते.

जुनी_फाईल:
ते झाका. विद्यापीठाचं नाव, रक्कम, अट आणि तारीख राहू द्या. काही जण विद्यापीठाचं नावही झाकतात, त्यानं आमचा विश्वास कमी व्हायचा. दुसऱ्या ऑफिसांचं माहीत नाही.

कावळाचिमणी:
बरं, ‘अ’ टेक्सासमधलं सरकारी विद्यापीठ आहे का? तिथे १,००० डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप असली तरी राज्यातल्या विद्यार्थ्यांच्या दरानं ट्यूशन लागू शकते. मला तशीच सवलत मिळाली होती. तुमच्या पत्रात काही लिहिलंय का बघा.

रानवारा:
नाही, ‘अ’ खासगी आहे.

रानवारा:
अपडेट देतो. उत्तर आलं. वर्षाला २,००० वाढवले, म्हणजे एकूण ४,०००, आणि डिपॉझिटला एक आठवडा मुदत दिली. उरलेल्या चार हजारांसाठी पुन्हा लिहू का?

फटकळ:
लिहा की. एकदा वाढवले म्हणजे अजून आहेत.

जुनी_फाईल:
मी रकमेसाठी नाही लिहिणार. समितीनं दुसऱ्यांदा बसून आकडा ठरवलाय. त्यापेक्षा दुसऱ्या सेमिस्टरपासून विभागात तासांवर काम किंवा ग्रेडिंग मिळतं का, ते विचारा. तो पैसा वेगळ्या खात्यातून येतो. हमी कुणी देणार नाही, पण आधी कुणाला मिळालंय ते सांगतील.

आणि ईमेलमधल्या वाढीवर डिपॉझिट भरू नका, सुधारित पत्र मागून घ्या. दोन्ही वर्षांचे आकडे त्यात वेगवेगळे लिहिलेले असावेत. आय-२० निघाला आहे का?

रानवारा:
हो, जुन्या रकमेचा.

जुनी_फाईल:
मग आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला सुधारित पत्र पाठवून नवा आय-२० काढून घ्या. व्हिसाच्या मुलाखतीत कागदावर एक रक्कम आणि तुमच्या तोंडी दुसरी नको.

निशिगंध:
भाच्याला विचारलं. तो म्हणतो, दुसऱ्या वर्षी त्यानं परत अर्ज केला होता. मास्टर्सला तसं करता येतं का?