मदत हवी आहे: पटकथेची लॉगलाइन आणि एकपानी सारांश

गौरी_मंचर: माझी ११२ पानांची पटकथा तयार आहे. एका निर्मात्याच्या ऑफिसमधून सांगितलं, आधी लॉगलाइन आणि एक पान सारांश पाठवा. पाठवून दीड महिना झाला, उत्तर नाही. लॉगलाइन अशी होती: ‘तमाशा कलावंतांचा संघर्ष आणि लोप पावत चाललेल्या लोककलेची हृदयस्पर्शी कहाणी.’ सारांशात अकरा पात्रं आहेत आणि शेवट ‘पुढे काय होतं ते पडद्यावरच पाहा’ असा केलाय.

गोष्ट सांगते. पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांवर गावोगावची मंडळी यात्रेच्या सुपाऱ्या ठरवायला येतात. त्याच्या आठ दिवस आधी शेवंताबाईच्या फडातली मुख्य नाचणारी दुसऱ्या फडात जाते. कलावंतांना दिलेली उचल सावकाराच्या पैशांची. शेवंताबाईंनी मुलीला, रेखाला, बोर्डावर पाय ठेवायचा नाही अशी शपथ घातलीय. चुकतंय कुठे?

पडद्यामागे: शेवट कधीच सांगू नये. उत्सुकता संपली की पटकथा कोण मागवेल?

जुना_सहायक: लॉगलाइनपुरतं बरोबर आहे. सारांशात मात्र शेवट हवाच. वाचणाऱ्याला बघायचं असतं की लेखकाला गोष्ट मिटवता येते का.

गौरीताई, तुमची लॉगलाइन तमाशावरच्या कुठल्याही सिनेमाला चालेल. असं लिहून बघा: ‘यात्रेच्या सुपाऱ्यांना आठ दिवस उरले असताना मुख्य नाचणारी फड सोडून जाते, आणि कर्जात बुडालेली फडमालकीण, जिला आयुष्यभर तमाशापासून लांब ठेवलं त्या मुलीलाच बोर्डावर आणायला निघते.’ ‘संघर्ष’ हा शब्द न लिहिताही तो दिसतो. सारांशात नावं तिघांचीच ठेवा, बाकीचे ‘ढोलकीवाला’, ‘सरपंच’ एवढ्यावर भागतात. आणि सांगा, मुलगी येते कशी?

नवा_लेखक: आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदणी केलीत का? माझी कल्पना एकाने सरळ उचलली.

जुना_सहायक: नोंदणी जरूर करा, पण नुसत्या कल्पनेवर हक्क सांगता येत नाही. इथला प्रश्न वेगळा आहे.

गौरी_मंचर: शेवंताबाई आजारी असल्याचं खोटंच कळवतात. रेखा धावत येते, आईची दशा बघून स्वतःच चाळ बांधते. पहिल्याच रात्री वगाच्या आधी तिला खरं कळतं. ती तो खेळ पुरा करते आणि पहाटेच्या एसटीने निघून जाते. सुपाऱ्या मिळतात, मुलगी नाही.

जुना_सहायक: हे खोटं पाठवलेल्या पानावर होतं?

गौरी_मंचर: नाही. मधल्या भागात ‘अनेक भावनिक प्रसंग घडतात’ एवढंच होतं.

जुना_सहायक: मग वाचणारा तिथेच थांबला असणार. त्या एका ओळीच्या जागी आठ-दहा ओळी द्या: निरोप कोण नेतो, रेखा कुठलं काम टाकून येते, खरं कोणाच्या तोंडून कळतं.

पडद्यामागे: मग ते खोटं लॉगलाइनमध्येच का नको? ‘आजारपणाचा बहाणा करून’ एवढे तीनच शब्द.

जुना_सहायक: मी नाही घालणार, मधल्या भागातला धक्का जाईल.

गौरी_मंचर: मला ते तीन शब्द हवेसे वाटताहेत, त्यानेच शेवंता माझी वाटते. दोन्ही लिहून रविवारी इथेच टाकते.