शब्दचर्चा: ‘ड्राय डॉक’ म्हणजे सुकी गोदी? आणि जहाजाखालच्या ब्लॉकला काय म्हणायचं?

परभणीचे मास्तर: भाचा जहाजावर फिटर आहे. त्याचा निरोप आला, “मामा, जहाज ड्राय डॉकला लागायलंय, पंधरा दिवस बोलायला सवड नाही.” शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मी त्यावर लिहायलोय. ‘सुकी गोदी’ लिहिलं तर पोरं विचारतील, सुक्या गोदीत जहाज गेलं कसं? आणि ज्या ब्लॉकवर जहाज बसतं, त्याला काय म्हणू?

लातूरकर: सोपं आहे सर. क्रेननं जहाज उचलून कोरड्या जागी ठेवतात. बुडाला रंग मारायचा, सोडून द्यायचं.

जुना चीफ इंजिनीयर, मुक्काम संभाजीनगर: लातूरकर, उचलतात हे काही ठिकाणी खरं आहे. छोटी जहाजं पाळण्यासारख्या मंचावर घेऊन वर काढतात. पण मोठं जहाज पाण्यानं भरलेल्या गोदीत तरंगतच आत येतं. मागे दरवाजा बंद होतो, पंप चालू होतात आणि पाणी उतरेल तसं जहाज तळावर मांडलेल्या ब्लॉकवर टेकतं. मुंबईत अशी दगडी गोदी 1750 साली झाली. म्हणजे गोदी आधी सुकी नसते, जहाज आत आल्यावर सुकवतात. ‘गोदी सुकवणे’ लिहिलंत तर पोरांना उत्तर त्यातच मिळेल.

पैठणचा एक: मला आधी वाटलं, सर गोदामाईबद्दल विचारायलेत! आमच्याकडं नाथसागराच्या काठाला होडी ओढून पालथी घालतात आणि फटीत डांबर भरतात. ‘होडी पालथी घातली’ म्हटलं की दुरुस्तीला काढली, एवढं सगळ्यांना कळतं.

चीफ इंजिनीयर: पैठणकर, खरी मेख तुम्ही सांगितलीत. जहाज पालथं घालता येत नाही! ते ज्या जागी टेकतं, नेमकी तीच जागा ना दिसते, ना धुता येते, ना रंगवता येते.

आमचीच गोष्ट. मालवाहू जहाज, तळाची प्लेट मूळची 16 मिलिमीटर. बूड पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुतलं, शिंपले गळून पडले, तेव्हा ओळीनं चौकोनी चट्टे दिसले. आधीच्या दोन्ही वेळी ब्लॉक त्याच जागी मांडले होते, त्यामुळं तिथं रंग चढलाच नव्हता. जाडी मोजायचं यंत्र आजूबाजूला 15 दाखवत होतं. तेवढ्यावर विसंबलो असतो तर फसलो असतो, कारण सुट्या खड्ड्यावर ते यंत्र नीट बसत नाही. खोली मोजायची सुई घातली तर काही खड्डे 5 मिलिमीटरचे निघाले. सुटे खड्डे घासून वेल्डिंगनं भरायला सर्व्हेयरनं मान्यता दिली. दोन ठिकाणी मात्र खड्डे दाट होते, तिथली प्लेट कापून नवी घालावी लागली. पलीकडे तेलाची टाकी. ती रिकामी करून, धुऊन, आत गॅस नसल्याचा दाखला मिळेपर्यंत एक ठिणगी पाडता येईना. काम खरं दोन दिवसांचं, पण त्या टाकीनं पाच खाल्ले.

तेव्हापासून ब्लॉकचा नकाशा मी आधी मागतो आणि मागच्या वेळेपेक्षा जागा सरकवून घेतो. पण कुठंही सरकवता येत नाही. ब्लॉक आतल्या मजबूत फासळ्यांखालीच यावे लागतात, नाहीतर जहाजाच्या वजनानं प्लेट आत दबते.

सिल्लोडचा शेतकरी: ब्लॉकला ‘उटी’ म्हणा की. उतारावर गाडीच्या चाकाला लावतो तशी.

चीफ इंजिनीयर: उटी गाडी घरंगळू देत नाही, भाऊ. हे सगळं ओझं पेलतात. खाली काँक्रीट, वर लाकडाची फळी. बुडाच्या उंचसखलपणात लाकूड थोडं दबतं, म्हणून वजन सारखं वाटलं जातं. माझं मत ‘ठोकळा’.

परभणीचे मास्तर: ठोकळा म्हटलं की पोरांना खेळण्यातला आठवतो. ‘टेकण’ चालेल का?

लातूरकर: ‘बैठक’ का नको? जहाज बसतंय ना त्याच्यावर!

चीफ इंजिनीयर: बैठक म्हटलं की आमचे फिटर चहा मागतील. टेकण चालेल. पण गोदीतली माणसं ‘ब्लॉक’च म्हणतात, हेही लिहा.

सिल्लोडचा शेतकरी: आणखी एक. टाकीतलं उरलंसुरलं पाणी काढायला खाली भोक असतं का, आमच्या हौदासारखं?

चीफ इंजिनीयर: असतं. त्याला आम्ही प्लग म्हणतो, तुम्ही बिनधास्त ‘बूच’ म्हणा. गोदीत टाक्या रिकाम्या करायला ही बुचं काढतात आणि चीफ ऑफिसर ती मोजून स्वतःकडे ठेवतो. पाणी सोडायच्या आधी प्रत्येक बूच बसलेलं त्यानं स्वतः खाली उतरून पाहायचं. मास्तर, भाच्याला विचारा, त्यांची किती निघाली होती.

परभणीचे मास्तर: विचारलं. म्हणाला, “अकरा. दहा बसवली, एकाची चूडी खराब निघाली, नवीन यायलंय. तोवर दरवाजा बंदच.”