मदत हवी आहे: न्यूनोक्ती की उपरोध?

सोलापुरात एम.ए. इंग्रजी करतेय. निबंध जेरोम के. जेरोमच्या 'थ्री मेन इन अ बोट' (1889) या विनोदी पुस्तकावर आहे. आपल्याकडच्या उन्हावरून फरक असा लावला: 43 अंशांत "जरा उबदार आहे" ही न्यूनोक्ती; "थंडी नाही म्हणायची" हे लिटोटीज, म्हणजे उलट गोष्ट नाकारून केलेली न्यूनोक्ती; पंखा बंद करणाऱ्याला "वा, काय उपकार!" हा उपरोध, कारण त्यात कुणीतरी निशाण्यावर असतो.

अडले ते इथे. वैद्यकाचे पुस्तक वाचून निवेदकाला स्वतःत एक सोडून सगळे रोग सापडतात, आणि तो एकच नसल्याचे त्याला थोडे वाईट वाटते. हसू येते ते त्या 'थोडे'मुळे. पण निशाण्यावर तो स्वतःच आहे ना? मग याला स्वतःवरचा उपरोध म्हणू का? की त्याला आपला विनोद कळतच नाही, म्हणून न्यूनोक्तीच? परिच्छेदात हे कसे मांडाल?