मदत हवी आहे: सामायिक किल्ली १७ येते, पण थेट हिशेबात २६ का?

मृण्मयी_क: डिफी-हेलमन पद्धत लहान आकड्यांवर करून पाहते आहे. मूळ संख्या २९ आणि पाया २ उघड आहेत. माझा गुप्त घातांक ११ आणि मैत्रिणीचा ७ आहे. २ च्या अकराव्या घाताला २९ ने भागून उरलेले १८ मी तिला पाठवले, तिच्याकडून १२ आले. १२ चा अकरावा घात आणि १८ चा सातवा घात, दोन्हींची बाकी १७ येते. मात्र थेट हिशेब केला की २६ येतात. शिवाय चारही उघड आकडे ऐकणाऱ्याला किल्ली का सापडत नाही? उद्या हे समजावून सांगायचे आहे, कृपया लवकर सांगा.

घनश्याम: भागाकाराची बाकी उलटी फिरवता येत नाही, म्हणून सापडत नाही.

वसुधा: "थेट" म्हणजे नेमके काय केले, ते लिहाल का?

मृण्मयी_क: ११ गुणिले ७ म्हणजे ७७. त्याला २९ ने भागून १९ उरले, म्हणून २ चा एकोणिसावा घात घेतला.

वसुधा: चूक तिथेच आहे. २ चे घात २९ च्या हिशेबात २८ पावलांनी पुन्हा १ वर येतात, त्यामुळे घातांक २८ ने भागावा लागतो. ७७ मधून २१ उरतात आणि २ च्या एकविसाव्या घाताची बाकी १७ च येते.

घनश्याम, तुमचे उत्तर अर्धेच बरोबर आहे. ऐकणाऱ्याने २, ४, ८, १६, ३, ६, १२ असे लिहीत गेले, तर सातव्या पावलावर त्याला मैत्रिणीचा ७ सापडतो आणि १८ चा सातवा घात घेऊन तो १७ वर पोहोचतो. २९ इतक्या लहान संख्येत काहीच लपत नाही. संख्या शेकडो अंकी आणि नीट निवडलेली असेल, तर अशी यादी करणे अशक्य होते. घात घेणे मात्र वर्ग करत गेल्यास सोपेच राहते.

घनश्याम: मग त्याने १८ आणि १२ यांचा गुणाकार का करू नये?

वसुधा: २१६ ची बाकी १३ येते. त्याने घातांकांची बेरीज होते, म्हणजे २ चा अठरावा घात. आपल्याला घातांकांचा गुणाकार हवा आहे.

रोहिणी_द: माझ्या प्रणालीत मधल्या माणसाने दोघांनाही स्वतःचाच आकडा पाठवला होता आणि कोणालाही ते कळले नाही. ही पद्धत मुळातच असुरक्षित आहे.

वसुधा: तो केवळ ऐकणारा नव्हता, बदलणारा होता. इथे त्याने दोघींना ४ पाठवले, तर मृण्मयींची किल्ली ५ आणि मैत्रिणीची २८ होईल. आलेला आकडा कोणाचा आहे हे ही पद्धत सांगत नाही, त्यासाठी स्वाक्षरी लागते. प्रश्न मात्र ऐकणाऱ्याचा आहे.

मृण्मयी_क: २८ ने भागल्यावर हिशेब जुळला, आभार. पण घातांक न शोधताच १८ आणि १२ वरून १७ काढण्याची एखादी वाट नसेलच, हे सिद्ध झाले आहे का?

वसुधा: नाही. १९७६ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली, तेव्हापासून सर्वसाधारणपणे चालेल अशी वाट कोणी दाखवलेली नाही, पण ती नाहीच असेही सिद्ध झालेले नाही.