पॅरललमध्ये झीरोचं काय होतं?

«डिजिटल IIR फिल्टर सेक्शन एकामागे एक जोडून (कॅस्केड) बांधा की शेजारी-शेजारी जोडून बेरीज करून (पॅरलल), दोन्हीकडे पोल दुसऱ्या ऑर्डरच्या सेक्शनमध्येच बसतात, मग पॅरलल का नको?»

पोलपुरतं अगदी मान्य. गुणक मोजक्या बिटांत राउंड केले तरी, सगळा फिल्टर एकाच मोठ्या समीकरणात मांडणाऱ्या डायरेक्ट फॉर्मसारखे ते बेभरवशाचे होत नाहीत. खरा फरक झीरोंमध्ये आहे. 1000 हर्ट्झ सॅम्पलिंगवर 50 हर्ट्झला झीरो हवा असेल तर कॅस्केडमधल्या त्या सेक्शनचा अंश 1, −1.9021, 1 असा येतो. दोन्ही टोकांचे 1 राउंडिंगमध्ये हलतच नाहीत. मधला आकडा 8 बिटांत (6 अपूर्णांकाचे) बसवला तर −1.90625 होतो आणि झीरो सरकून 48.9 हर्ट्झवर जातो, पण राहतो युनिट सर्कलवरच. म्हणजे रिस्पॉन्समधला शून्यापर्यंत जाणारा खड्डा जागा बदलतो, बुजत नाही. पॅरललमध्ये मात्र झीरो कुठल्याच एका सेक्शनचा नसतो. सगळ्या शाखांचे आउटपुट एकमेकांना खोडतात तेव्हा तो तयार होतो. प्रत्येक शाखेचे गुणक थोडे हलले की खोडणं अपुरं राहतं, झीरो सर्कलवरून सुटतो.

ओळखायचं कसं? शुद्ध साइन द्या, वारंवारता खड्ड्याच्या आसपास हळूहळू फिरवा. कॅस्केडमध्ये आउटपुट कुठेतरी जवळपास शून्य होतंच. पॅरललमध्ये बहुधा कुठेच होत नाही, पासबँड ठीक दिसत असला तरी. एलिप्टिक फिल्टरचे झीरो युनिट सर्कलवरच असतात, म्हणून त्याला मी कॅस्केडच घेतो.