मदत हवी आहे: जुन्या पुस्तकातली हृदयाची आकृती परत काढतेय, कुठली रेघ ठेवू आणि कुठली सोडू?

जांबोटी_रोड

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. शाळेच्या कपाटात एक जुनं पुस्तक सापडलं, त्यात हृदयाच्या उभ्या छेदाची आकृती फार सुरेख आहे. एकाच काळ्या शाईत छापलेली, हाताने काढलेली. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातून स्कॅन करून आणलं आणि आता इंकस्केपमध्ये नव्याने काढतेय, म्हणजे मुलांना कोऱ्या नावांची प्रत देता येईल.

बाह्यरेषा आणि चार कप्पे झाले. पुढे अडलेय.

आकृती उजव्या हाताच्या पानावर आहे, त्यामुळे तिची डावी कड शिवणीत गेलीय. तिथे एका नावाचं फक्त "शिरा" एवढंच दिसतं, आधीचं काळ्या सावलीत गडप. तिथल्याच दोन आखूड नळ्यांपैकी एकीत रेघ आहे, पण बाणाचं टोक दिसत नाही. रक्त आत येतंय की बाहेर जातंय?

दुसरं, नावांपासून निघालेल्या रेघा आणि रक्ताच्या दिशेचे बाण एकमेकांत इतके मिसळलेत की मोजायला बसले तर एकदा सात बाण येतात, एकदा दहा.

आणि तिसरं, दोन्ही जवनिकांच्या मधल्या पडद्यातून आरपार जाणारा एक बाण आहे. तो पाहून मीच गोंधळले.

संकेश्वर_सुरेश

मॅडम, एवढा खटाटोप कशाला? हृदयाची रंगीत चित्रं नेटवर ढिगाने आहेत. एक उतरवून घ्या, प्रिंट मारा, झालं की.

जांबोटी_रोड

सुरेशदादा, ती बघितली. नावं इंग्रजीत, ती पुसून मराठी टाकायची तर खाली रंगांची छटा, पांढरे चौकोन दिसतात. शिवाय आमचं प्रिंटर काळं-पांढरं. लाल आणि निळा दोन्ही सारखेच करडे येतात, मग मुलांनी काय ओळखायचं? ही आकृती मुळातच एका शाईसाठी काढलेली आहे, म्हणून तीच हवी.

निपाणीचा_डीटीपी

रोजचं काम आहे आमचं. आधी डेस्पेकल मारा, सगळी धूळ-ठिपके जातील. मग इंकस्केपमध्ये `Path > Trace Bitmap`, पाच मिनिटांत रेघा तयार. हाताने काढत बसू नका.

बाणांचं तर सोपं आहे. धमनी म्हणजे शुद्ध रक्त, हृदयातून बाहेर. शिरा म्हणजे अशुद्ध, आत. "शिरा" दिसतंय ना? मग ती महाशिरा, उजव्या कर्णिकेत बाण सोडा. त्या दोन नळ्यापण तिथेच जोडून टाका, शेजारीच आहेत.

अनगोळकर

जरा थांबा. मॅडम, डेस्पेकल मारलं नसेल तर मारू नका. मारलं असेल तर मूळ स्कॅन उघडा आणि सांगा, उजव्या कर्णिकेत आणि उजव्या जवनिकेत बारीक ठिपके दिसतात का?

मी छापखान्यात तीस वर्षं आकृत्या काढल्या आणि साफ केल्या. एका शाईच्या पुस्तकात दोन प्रकारचं रक्त दाखवायचं तर आम्ही एका बाजूला ठिपके भरायचो आणि दुसरी कोरी ठेवायचो. ते ठिपके धूळ नव्हेत, तीच या आकृतीची निळी शाई.

जांबोटी_रोड

काका, मारलंच होतं हो! निपाणीच्या दादांच्या आधीच, दुकानातल्या मुलाने "साफ करून देतो" म्हणून. त्याच्याकडून मूळ फाईल आणली. उजव्या बाजूला खरंच काहीतरी आहे, पण ठिपके कसले, चिखल आहे नुसता. डावी बाजू स्वच्छ.

अनगोळकर

चिखल होणारच. फाईल बहुतेक २०० डीपीआयची आणि निव्वळ काळी-पांढरी असेल. त्यात एका मिलिमीटरला आठेक पिक्सेल येतात. ठिपका साधारण पाव मिलिमीटरचा धरला तर त्याच्या वाट्याला दोन पिक्सेल. ते एकमेकांना चिकटतात नाहीतर उडून जातात. परत स्कॅन करून घ्या, ६०० वर, आणि "ग्रे" निवडा. पुस्तकावर तळहाताने दाब द्या म्हणजे शिवणीकडचा भाग काचेला टेकेल. शिवण उसवू नका, जुनं पुस्तक आहे.

तोवर बाणांचं सांगतो. नावाची रेघ आणि प्रवाहाचा बाण वेगळे ओळखायला टोक बघू नका, टोक सगळ्यात आधी मरतं. रेघेचा दुसरा शेवट कुठे आहे ते बघा. नावाच्या रेघेचा एक शेवट अक्षरांजवळ असतो आणि ती वाटेत येणाऱ्या भिंती सरळ कापत जाते. प्रवाहाचा बाण नळीच्या आत राहतो, नळी वळली की तोही वळतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांना अक्षर नसतं. जाडीही मोजा. ६०० च्या स्कॅनमध्ये नावाची रेघ सहाएक पिक्सेल भरली तर बाणाचा दांडा बहुधा त्याच्या दुप्पट भरेल, कारण दोन्हींना वेगळी निब वापरायची पद्धत होती.

निपाणीकर, ट्रेस बिटमॅप वाईट नाही, पण तो सहसा प्रत्येक रेघेच्या दोन्ही कडा धरून बंद आकार करतो. त्याला नावाची रेघ काय नि कर्णिकेची भिंत काय, सारखीच. दोन्ही जिथे एकमेकांना छेदतात तिथे एकच गोळा होतो, आणि मग मॅडम तो सोडवत बसणार. हाताने काढलेलं बरं.

निपाणीचा_डीटीपी

ट्रेसचं मान्य. पण धमनी-शिरेचं तर शाळेत असंच शिकलोय.

उचगावची_सिस्टर

अर्धं बरोबर आहे दादा. धमनी हृदयापासून लांब नेते, शिरा हृदयाकडे आणते, एवढंच पक्कं. फुप्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं आणि फुप्फुस शिरांमधून ऑक्सिजन घेतलेलं येतं. म्हणजे ठिपके असलेली धमनी आणि कोरी शिरा, दोन्ही याच चित्रात सापडतील.

आणि त्या डावीकडच्या नळ्या उजव्या कर्णिकेला जोडू नका हो! चित्राची डावी म्हणजे माणसाची उजवी. उजव्या फुप्फुसाच्या शिरा त्या बाजूने येतात, पण कर्णिकेच्या मागून पलीकडे जाऊन डाव्या कर्णिकेत उघडतात. समोरून बघताना फक्त तुकडा दिसतो, म्हणून शेजारच्या कप्प्यात घुसल्यासारखं वाटतं.

शहापूरचा_पक्या

माझंही असंच झालं होतं. मुलगी दहावीपर्यंत मराठीत, पुढे अकरावीला सायन्स इंग्रजीत, आणि तिच्या मैत्रिणीच्या वहीत कन्नड. त्या वहीत कर्णिकेला हृत्कर्ण आणि जवनिकेला हृत्कुक्षि. मी एकाच चित्रावर तिन्ही भाषा कोंबल्या आणि शेवटी हृदयच दिसेना. मॅडम, नावं वेगळ्या लेयरवर ठेवा, भाषा बदलली की लेयर बदलायचा. (हृत्कुक्षि शब्द मला जवनिकेपेक्षा आवडला. पोट म्हटलं की पोकळी डोळ्यासमोर येते.)

जांबोटी_रोड

नवीन स्कॅन झालं. बेळगावला जाऊन केलं, ६०० ग्रे. आता ठिपके मोजता येतील इतके सुटे आहेत.

डावीकडच्या दोन नळ्यांपैकी वरची ठिपक्यांची, खालची कोरी. म्हणजे सिस्टर म्हणतात तसं वरची फुप्फुस धमनीची फांदी आणि खालची फुप्फुस शिरा, बरोबर ना? रेघ कोऱ्या नळीत आहे. टोक अजूनही नाही, पण शिरा असेल तर दिशा आतलीच.

"शिरा" या नावाची रेघही त्याच कोऱ्या नळीवर जाते. तरी ते "फुप्फुस शिरा" होतं की "महाशिरा", याची खात्री कशी करू? रेघ शेवटी थोडी तुटलीय.

अनगोळकर

"शि"च्या आधीची शिरोरेषा बघा. "महाशिरा" एक शब्द आहे, तिथे डोक्यावरची रेघ हा पासून शि पर्यंत सलग यायला हवी. "फुप्फुस शिरा" असेल तर मध्ये जागा सुटलेली असेल आणि शिरोरेषा "शि"च्या वेलांटीपाशी कोरीच सुरू होईल. त्याच पानावरचं दुसरं एखादं पूर्ण नाव शेजारी ठेवून ताडून बघा, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याने दोन शब्दांत किती जागा सोडली तेही कळेल.

जांबोटी_रोड

काका!! जागा आहे. वर ऊर्ध्व महाशिरेचं नाव पूर्ण आहे, त्यात "हाशि" सलग. इथे "शि" सुटा. फुप्फुस शिरा.

पडद्यातल्या बाणाचंही कळलं. ग्रेमध्ये तो बाकीच्या रेघांपेक्षा फिका आहे, आणि पुस्तक खिडकीशी तिरकं धरलं तर चकाकतो. पेन्सिल! कुणा विद्यार्थ्याने काढलाय. दुकानातल्या काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये छापील शाई आणि पेन्सिल एकसारखी काळी झाली होती. खोडला नाही, पण घेतलाही नाही. आता प्रवाहाचे बाण आठ भरतात.

उचगावची_सिस्टर

छान. जन्माआधी बाळाच्या दोन कर्णिकांमध्ये वाट असते, पण तुमचा बाण जवनिकांमध्ये होता, म्हणजे तीही सबब नाही.

अनगोळकर

बाण काढताना प्रत्येक रेघ रक्त जातं त्याच दिशेने ओढा आणि टोक शेवटाला लावा. एखादा उलटा निघाला तर `Path > Reverse` केलं की फिरतो, परत काढावा लागत नाही. ठिपक्यांसाठी मूळ ठिपके गिरवू नका, पॅटर्न भरा. फक्त तो जाडसर ठेवा, नाहीतर झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये पुन्हा चिखल.

नावं किती ठेवायची ते तुम्ही ठरवा. मी असतो तर ज्या ज्या जागेतून बाण जातो त्या प्रत्येक जागेला नाव दिलं असतं. झडपांना ओढून धरणारे दोर आकृतीत ठेवले असते, कारण ते नसले तर झडप अधांतरी दिसते. नाव मात्र गाळलं असतं.

जांबोटी_रोड

एकच राहिलं. उजव्या कडेला नळ्या तीन आहेत, एक ठिपक्यांची, दोन कोऱ्या. डावीकडे दोनच. तिसरी शिवणीत गेली असेल का? काढू?

उचगावची_सिस्टर

काढा. प्रत्येक फुप्फुसातून सहसा दोन शिरा येतात, एकूण चार. मुलांनी मोजलं तर चार भरायला हव्यात.

अनगोळकर

माझं मत वेगळं. शरीरात चार आहेत हे खरं, पण चित्रकाराने डावीकडे दोन काढल्या होत्या की एक, हे पानावर दिसत नाही. महाशिरेच्या आड एक लपवणारे चित्रकार मी पाहिलेत. तुम्ही ही आकृती परत काढताय म्हणता, तर न दिसलेली नळी तुटक रेघेने काढा, नाहीतर सोडा.

निपाणीचा_डीटीपी

मुलांच्या प्रतीत तुटक रेघ दिसली तर पोरं विचारतील, मॅडम ही तुटलीय का म्हणून. सरळ काढा की.

जांबोटी_रोड

याच पुस्तकाची दुसरी प्रत नंदगडला एका निवृत्त गुरुजींकडे आहे म्हणतात. रविवारी जाऊन त्यांची शिवण बघते, तोवर ती नळी वेगळ्या लेयरवर लपवून ठेवलीय.